यादीकडून चाळणीकडे : परदेशी वैद्यकीय पदवीधरांची भारतातील परीक्षा, तिचा इतिहास आणि तिची तयारी

प्रस्तावना

परदेशात वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून मायदेशी परतलेल्या भारतीय पदवीधरास येथे वैद्यक व्यवसाय करण्यापूर्वी एक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. कायद्याच्या भाषेत तिला स्क्रीनिंग टेस्ट म्हणतात. विद्यार्थी आणि पालक तिला एफएमजीई या आद्याक्षरांनी ओळखतात. महाविद्यालयीन अध्यापकांना या विषयाचा परिचय बहुधा दोन प्रसंगी होतो. बारावीनंतर विज्ञान शाखेतील एखादा विद्यार्थी रशिया, किरगिझस्तान, जॉर्जिया किंवा फिलिपाईन्सला निघतो तेव्हा, आणि सहा-सात वर्षांनी तोच विद्यार्थी पदवी हाती असूनही 'अजून डॉक्टर झालेला नाही' असे कळते तेव्हा. या दोन प्रसंगांच्या मधला दुवा म्हणजे ही परीक्षा होय.

या परीक्षेविषयीची चर्चा उत्तीर्णतेच्या टक्केवारीभोवती फिरते. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या आकडेवारीनुसार २०१५ ते २०१८ या काळात ६१,७०८ उमेदवारांनी ही परीक्षा दिली आणि त्यांपैकी ८,७६४ उत्तीर्ण झाले. म्हणजे सातांत एक. या आकड्यावरून काहीजण परदेशी विद्यापीठांना दोष देतात, तर काहीजण परीक्षेलाच अन्याय्य ठरवतात. प्रस्तुत लेखात वेगळा प्रश्न विचारला आहे : ही परीक्षा नेमकी कशाच्या जागी आली? तिच्या आधी जे काम कोणीतरी दुसरे करीत होते, ते विद्यार्थ्याच्या शिरावर कसे आले, आणि त्यामुळे तयारीला आजचे स्वरूप कसे प्राप्त झाले, हे तपासण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

१. यादीचा काळ

एकोणिसाव्या शतकात परदेशी पदवी घेऊन येणाऱ्या वैद्यांची येथे कोणतीही परीक्षा होत नसे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या तेव्हा कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागासाठी त्यांची नेमणूक केली. पदवी हेच पुरेसे प्रमाण होते. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीची कायदेशीर व्यवस्था १९१२ च्या कायद्याने आली. तेव्हापासून 'पदवीधर' आणि 'नोंदणीकृत व्यवसायी' या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

अखिल भारतीय पातळीवरील मान्यतेचा प्रश्न मात्र आरंभी उलट दिशेने उभा राहिला. १९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय वैद्यकीय पदव्यांची मान्यता स्थगित केली. येथील शिक्षणाच्या दर्जावर देखरेख ठेवणारी अखिल भारतीय संस्था नाही, असा आक्षेप होता. त्यातून १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा आला. आपली पदवी दुसऱ्या देशाने मानावी यासाठी आपल्याकडे तपासणी करणारी परिषद हवी, हा या परिषदेच्या जन्मामागील हेतू होता.

स्वातंत्र्यानंतरच्या १९५६ च्या कायद्याने हेच तत्त्व पुढे नेले. या कायद्यात परदेशी पदव्यांसाठी दोन मार्ग होते. ज्या देशांशी परस्पर मान्यतेची योजना होती, त्यांच्या पदव्या दुसऱ्या अनुसूचीत येत. त्याखेरीज अन्य परदेशी संस्थांच्या पदव्या तिसऱ्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागात समाविष्ट करण्याचा अधिकार, परिषदेशी विचारविनिमय करून, केंद्र सरकारला होता. त्या यादीतील पदवी असलेला भारतीय नागरिक विहित प्रात्यक्षिक प्रशिक्षण पूर्ण करून राज्याच्या नोंदवहीत नाव घालू शकत असे. परीक्षेचा उल्लेख कोठेही नव्हता.

या व्यवस्थेचा गाभा लक्षात घेण्याजोगा आहे. तपासणी होई ती संस्थेची, व्यक्तीची नव्हे. एखादी पदवी विश्वासार्ह आहे किंवा नाही हे ठरवण्याची जबाबदारी परिषदेची आणि सरकारची होती. विद्यार्थ्याला फक्त यादी पाहावयाची होती. शासकीय शिष्यवृत्तीवर सोव्हिएत संघात जाणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांच्या काळात ही पद्धत निभावली, कारण विद्यार्थी थोडे होते, संस्था ठरलेल्या होत्या आणि व्यवहार दोन सरकारांमधला होता.

२. यादी कोसळली ती कशी

१९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाले. शासकीय अनुदान आटलेल्या तेथील विद्यापीठांना परकीय चलनाची गरज भासू लागली. भारतात वैद्यकीय जागा थोड्या, खाजगी महाविद्यालयांचे शुल्क मोठे, आणि डॉक्टर होण्याची आकांक्षा मात्र जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचलेली. या दोन गरजांच्या मध्ये प्रवेश मिळवून देणारे खाजगी दलाल उभे राहिले. सरकार ते सरकार असा जो व्यवहार होता, तो विद्यापीठ आणि ग्राहक यांच्यातील झाला.

नोंदणीसाठी परत आलेल्या विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांतून परिषदेला अडचणी दिसू लागल्या. काहींनी भारतातील प्रवेशासाठी आवश्यक असलेली किमान पात्रताच पूर्ण केली नव्हती. काहींनी शिक्षणाचा काही काळ मान्यता नसलेल्या संस्थेत काढून नंतर मान्यताप्राप्त संस्थेत बदली घेतली होती, त्यामुळे मान्यताप्राप्त संस्थेतील एकूण कालावधी सहा वर्षांपेक्षा कमी भरत होता. यादीत संस्थेचे नाव होते, परंतु विद्यार्थ्याने तेथे किती काळ आणि काय शिकले हे यादी सांगू शकत नव्हती.

यावर उपाय म्हणून २००१ मध्ये १९५६ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत खाजगी संस्था व्यापारी हेतूने विद्यार्थी पाठवतात, त्यांत किमान पात्रता नसलेलेही असतात आणि काही देशांतील शिक्षणाचा दर्जा भारतातील दर्जाशी तुल्य नाही, अशी कारणे दिलेली होती. कलम १३ मध्ये नवी उपकलमे आली. त्यांतील दोन तरतुदी महत्त्वाच्या : परदेशी प्रवेशापूर्वी परिषदेकडून पात्रता प्रमाणपत्र घेणे, आणि परतल्यावर चाळणी परीक्षा उत्तीर्ण होणे. २००२ च्या फेब्रुवारीत परीक्षेचे विनियम आले. १५ मार्च २००२ नंतर पदवी मिळवणाऱ्यांना परीक्षा अनिवार्य झाली आणि ती घेण्याचे काम राष्ट्रीय परीक्षा मंडळाकडे सोपवण्यात आले.

संक्रमणकाळातील विद्यार्थ्यांचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. रशियातून परतलेल्या भारतीय डॉक्टरांच्या कल्याण संघटनेच्या खटल्यात ८ मार्च २००२ रोजी निर्णय झाला. केंद्र सरकारने मांडलेली मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयाने स्वीकारली. १५ मार्च २००१ पूर्वी नोंदणीसाठी अर्ज केलेल्यांना जुन्या तरतुदी लागू राहिल्या. ज्यांचा मान्यताप्राप्त संस्थेतील काळ सहा वर्षांपेक्षा कमी होता, त्यांनी तेवढी तूट नेहमीच्या एक वर्षाच्या आंतरवासितेशिवाय जादा आंतरवासिता करून भरून काढावयाची होती. १५ मार्च २००२ पूर्वी परदेशी प्रवेश घेतलेल्या इतर विद्यार्थ्यांना, प्रवेशाच्या वेळी किमान पात्रता नसली तरी, परीक्षेस बसू देण्यात आले.

येथे इतिहासाचे एक वर्तुळ पूर्ण झाले असे म्हणता येईल. १९७५ मध्ये ब्रिटनच्या परिषदेने भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता काढून घेऊन भारतीय डॉक्टरांसाठी परीक्षा सुरू केली होती, तेव्हा येथे तो अपमान मानला गेला. २००२ मध्ये भारताने आपल्याच नागरिकांसाठी तोच मार्ग स्वीकारला. दोन्ही ठिकाणी कारण एकच होते. दूरच्या देशातील शेकडो संस्थांची पाहणी करण्यापेक्षा दारात आलेल्या व्यक्तीची परीक्षा घेणे प्रशासनाला सोपे असते. संस्थेच्या दर्जाची जोखीम त्याच क्षणी विद्यार्थ्याकडे जाते.

३. तीनशे प्रश्नांचा हिशेब

सदर परीक्षा वर्षातून दोनदा, सामान्यतः जून आणि डिसेंबरच्या सत्रांत, संगणकावर घेतली जाते. एका दिवसात दोन भाग, प्रत्येकी १५० प्रश्न आणि अडीच तास, म्हणजे प्रश्नास एक मिनिट. प्रत्येक प्रश्नास चार पर्याय असतात आणि एकच उत्तर बरोबर असते. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. ३०० पैकी १५० गुण मिळाल्यास उमेदवार उत्तीर्ण होतो. गुणानुक्रमास येथे अर्थ नाही. विनियमांनुसार या परीक्षेचा हेतू केवळ नोंदणीची पात्रता ठरवणे हा आहे, आणि उत्तीर्णतेतून अन्य कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. किती वेळा बसावे यावर २००२ च्या विनियमांत मर्यादा नव्हती.

या रचनेचा गणिती अर्थ फारसा मांडला जात नाही, आणि तयारीतील बऱ्याच चुका त्यातूनच होतात. ज्यास एकही प्रश्न येत नाही असा उमेदवार केवळ अंदाजाने चारांत एक या हिशेबाने सरासरी ७५ गुण मिळवील. ज्यास १०० प्रश्नांची उत्तरे निश्चित माहीत आहेत, तो उरलेल्या २०० प्रश्नांत अंदाजाने सुमारे ५० मिळवून १५० वर पोचतो. म्हणजे पन्नास टक्क्यांची दिसणारी अट प्रत्यक्षात एकतृतीयांश ज्ञानाची आहे. अर्थात बरोबर १०० वर थांबलेल्याचा निकाल नशिबावर अवलंबून राहील. थोडी सुरक्षितता हवी तर आणखी दहा-बारा प्रश्न पक्के असावे लागतात.

याचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. सराव परीक्षेत १३८ गुण पडलेल्या उमेदवारास वाटते की आपण बारा प्रश्नांनी कमी पडलो. वस्तुतः १३८ गुणांमागे पक्के असे ८४ प्रश्न आणि उरलेल्या २१६ पैकी अंदाजाने जुळलेले ५४ असू शकतात. नवा शिकलेला प्रत्येक प्रश्न एक गुण वाढवतो, परंतु त्याच प्रश्नावर अंदाजाने मिळणारा पाव गुण नाहीसा होतो. निव्वळ वाढ पाऊण गुणाची. म्हणून बारा गुणांसाठी बारा नव्हे, सोळा प्रश्न नव्याने पक्के करावे लागतात. थोडक्यात हुकलेल्या परीक्षेनंतर उमेदवार 'थोडेच राहिले होते' या समजुतीने तीच टिपणे पुन्हा वाचतो आणि पुढच्या सत्रात पुन्हा त्याच गुणांपाशी थांबतो. त्याचे एक कारण हा हिशेब आहे.

हा हिशेब ढोबळ आहे हे मान्य केले पाहिजे. अर्धवट ज्ञान असलेला उमेदवार दोन पर्याय बाद करू शकतो आणि त्याचा अंदाज पावाऐवजी निम्म्या वेळा जुळतो. उलट, चुकीचे ज्ञान असलेल्याची स्थिती अज्ञानापेक्षा वाईट असते, कारण तो अंदाज करीतच नाही. तो खात्रीने चुकीचा पर्याय निवडतो आणि त्या प्रश्नावर शून्य मिळवतो. या दुसऱ्या प्रकाराकडे पुढे वळू.

गुणांची विभागणी पाहिली तर शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन यांना प्रत्येकी १७, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र यांना प्रत्येकी १३, न्यायवैद्यकास १०, अशा पहिल्या १०० गुणांनंतर उरलेले २०० गुण रुग्णालयीन विषयांना आहेत. त्यांत औषधवैद्यक ३३, शल्यचिकित्सा ३२, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र ३० आणि सामाजिक व रोगप्रतिबंधक वैद्यक, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीतील पीएसएम, ३०. या चार विषयांचे मिळून १२५ गुण होतात.

४. दोन रुग्णालयांमधले अंतर

आता एक कल्पित पण प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. मराठवाड्यातील एका विद्यार्थिनीने रशियातील शासकीय विद्यापीठात सहा वर्षे पूर्ण केली. जूनच्या अखेरीस तिची अंतिम परीक्षा झाली आणि जुलैमध्ये पदवी मिळाली. चाळणी परीक्षेच्या अर्जासाठी पदवी ठरावीक तारखेपूर्वी हाती असावी लागते आणि त्या पदवीवर संबंधित देशातील भारतीय दूतावासाचे साक्षांकन किंवा अपोस्टिल लागते. जूनचे सत्र साहजिकच हुकते. डिसेंबर हे तिचे पहिले सत्र. तिच्या हाती सुमारे वीस आठवडे आहेत.

तिचे सहा वर्षांचे शिक्षण निकृष्ट होते असे गृहीत धरण्याचे कारण नाही. वर्गातील व्याख्याने इंग्रजीत झाली, परंतु रुग्ण रशियन बोलत होते. शरीररचना, विकृतिशास्त्र, हृदयविकार, मधुमेह हे विषय जगभर सारखेच असतात, आणि ते तिने शिकले. अडचण अन्यत्र आहे. तिच्या रुग्णालयात जे रोगी आले नाहीत, त्यांच्याविषयी ही परीक्षा विचारते.

सर्पदंशाचे उदाहरण पाहावे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या शेतमजुरास पहाटे पोटदुखी होते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, अंगावर दंशाची खूण जवळजवळ दिसत नाही. महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालयात आंतरवासिता केलेल्या डॉक्टरास मण्यार आठवतो. दुसऱ्या रुग्णाच्या पायाला मोठी सूज आहे आणि हिरड्यांतून रक्त येते. येथे घोणसाचा संशय घ्यावयाचा, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवावयाची, आणि रक्त गोठले नाही तर प्रतिसर्पविष द्यावयाचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर चालणारे प्रतिविष भारतीय रुग्णालयाच्या कपाटात असते. तिच्या रशियन रुग्णालयात ते नव्हते, कारण तेथे त्याची गरज नव्हती. कोकणातील विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिला. तो प्रश्न तिला पुस्तकातून पाठ करावा लागेल, येथील विद्यार्थ्यास मात्र तो रुग्णासह आठवेल.

पीएसएममध्ये हे अंतर सर्वांत मोठे आहे. सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगरी वा आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्रासाठी अनुक्रमे पाच हजार आणि तीन हजार, आशा कार्यकर्ती, अंगणवाडी, क्षयरोग आणि लसीकरण यांचे राष्ट्रीय कार्यक्रम, हे सारे भारतीय आरोग्यव्यवस्थेचे शासकीय तपशील आहेत. परदेशी विद्यापीठाने ते शिकवावेत अशी अपेक्षा करता येत नाही. न्यायवैद्यकातील कायद्याची कलमेही भारतीयच. म्हणजे पीएसएमचा मोठा भाग आणि न्यायवैद्यक मिळून चाळीसच्या आसपास गुणांचा अभ्यास तिला शून्यापासून करावयाचा आहे. चांगली बाब अशी की हा अभ्यास स्मरणाचा आहे, त्यास सहा वर्षे लागत नाहीत.

म्हणून तिच्या वीस आठवड्यांची मांडणी पहिल्या वर्षाच्या शरीररचनेपासून करणे हिताचे नाही, जरी बहुसंख्य उमेदवार तसेच करतात. पहिल्याच आठवड्यात तिने तीनशे प्रश्नांची एक पूर्ण सराव परीक्षा वेळ लावून द्यावी आणि प्रत्येक उत्तरापुढे 'खात्री' किंवा 'अंदाज' अशी खूण करावी. समजा तिला १२३ गुण पडले. खात्रीची खूण केलेले ७५ प्रश्न होते, त्यांपैकी ६३ बरोबर आले. अंदाजाच्या २२५ पैकी ६० जुळले. या तीन आकड्यांतून तिची खरी स्थिती कळते. ६३ हे तिचे भांडवल आहे. ६० जवळजवळ नशीब आहे, कारण २२५ चा चौथा भाग ५६ येतो. आणि खात्री असूनही चुकलेले १२ प्रश्न हा तिचा सर्वांत स्वस्त लाभ आहे. ते सुधारल्यास प्रत्येकी पूर्ण एक गुण मिळतो, पाऊण नव्हे.

त्यानंतरचे सहा आठवडे पीएसएम, न्यायवैद्यक आणि प्रसूतिशास्त्रास, पुढील आठ आठवडे औषधवैद्यक, शल्यचिकित्सा आणि बालरोग यांना त्यांच्या विकृतिशास्त्र व औषधशास्त्रासह, तीन आठवडे पूर्वरुग्णालयीन विषय आणि नेत्र, कान-नाक-घसा यांसारख्या पंधरा गुणांच्या विषयांना, आणि शेवटचे दोन उजळणीस, अशी विभागणी गुणांच्या प्रमाणाशी जुळते. दर तीन आठवड्यांनी पूर्ण सराव परीक्षा घेऊन एकूण गुणांपेक्षा 'खात्रीचे बरोबर' हा आकडा वाढतो किंवा नाही हे पाहावे. एकूण गुण वाढले आणि हा आकडा स्थिर राहिला, तर तयारी पुढे गेलेली नाही, अंदाज जुळले आहेत इतकेच.

५. जुनी टिपणे, नवे नियम

खात्रीने चुकणारे प्रश्न कोठून येतात? काही परदेशातील वेगळ्या उपचारपद्धतींतून येतात, परंतु पुष्कळ येथील जुन्या टिपणांतून येतात. वरच्या तुकडीने दिलेली छायांकित पुस्तके आणि मागील परीक्षांतील आठवून लिहिलेले प्रश्न हे तयारीचे प्रचलित साहित्य आहे. या साहित्याची अडचण अशी की वैद्यकातील जे भाग सर्वांत भारतीय आहेत, तेच सर्वांत लवकर बदलतात.

क्षयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०२० मध्ये नाव बदलून 'क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम' झाला. त्याआधीच आठवड्यातून तीनदा औषध देण्याची पद्धत जाऊन दररोजच्या मात्रेची पद्धत आली होती. लसीकरणात एकट्या गोवराच्या लसीची जागा गोवर-रुबेलाच्या संयुक्त लसीने घेतली. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट परिस्थितीत मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत गेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तेथे केवळ कलमांचे क्रमांक बदलले नाहीत. जबर दुखापतीच्या व्याख्येत तीव्र वेदना किंवा दैनंदिन व्यवहार करण्यास असमर्थता यांसाठी जुन्या कलम ३२० मध्ये वीस दिवसांची अट होती, ती नव्या कलम ११६ मध्ये पंधरा दिवसांची झाली. जुने पुस्तक वाचणारा उमेदवार 'वीस' असे खात्रीने उत्तर देईल आणि गुण गमावील.

पुस्तक कालबाह्य आहे किंवा नाही हे ओळखण्याची सोपी कसोटी यातूनच मिळते. क्षयरोगाचे प्रकरण, लसीकरणाचा तक्ता आणि जबर दुखापतीची व्याख्या ही तीन पाने उघडून पाहावीत. तिन्ही जुनी असतील, तर त्या पुस्तकातील शरीररचना कदाचित चालेल, पीएसएम आणि न्यायवैद्यक चालणार नाही.

६. चाळणीत अडकलेले

परीक्षेस मर्यादा नसल्याने अपयशाचाही शेवट ठरलेला नव्हता. दर सहा महिन्यांनी नवे सत्र येते, आणि पहिल्या सत्रात हुकलेला उमेदवार पुन्हा बसतो. दरम्यान त्याला स्वतंत्रपणे वैद्यक व्यवसाय करता येत नाही. शिक्षणासाठी काढलेले कर्ज मात्र थांबत नाही. काहीजण दिल्लीसारख्या शहरात शिकवणी वर्गाच्या आसपास खोली घेऊन वर्षानुवर्षे राहतात. अभ्यास जसा लांबतो तसे रुग्णालयीन ज्ञान क्षीण होते, त्यामुळे पाचव्या प्रयत्नातील उमेदवार पहिल्या प्रयत्नातील उमेदवारापेक्षा अनेकदा दुबळा असतो.

या दबावाचा एक परिणाम डिसेंबर २०२२ मध्ये समोर आला. केंद्रीय अन्वेषण विभागाने चाळणी परीक्षा उत्तीर्ण न होता नोंदणी मिळवल्याच्या आरोपावरून ७३ परदेशी पदवीधर आणि १४ राज्य वैद्यक परिषदांविरुद्ध गुन्हा नोंदवला. व्यक्तीची परीक्षा कडक ठेवली तरी नोंदणी करणारी संस्था शिथिल असेल, तर चाळणीला बाजूने वाट सापडते, हा त्याचा अर्थ.

धोरणाने या काळात हळूहळू पुन्हा संस्थेकडे पाहण्यास आरंभ केला आहे. परदेशी शिक्षणासाठी २०१८ मध्ये नीट परीक्षेची अट आली. २०१९ च्या कायद्यानुसार २०२० मध्ये जुन्या परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली. आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या विनियमांनी परदेशी अभ्यासक्रमासाठी एकाच संस्थेत किमान ५४ महिने, त्याच संस्थेत बारा महिन्यांची आंतरवासिता, इंग्रजी माध्यम आणि त्या देशात व्यवसाय करण्याची पात्रता अशा अटी घातल्या. भारतातील बारा महिन्यांची आंतरवासिता त्याशिवाय आहे. नव्वदीच्या दशकातील बदली प्रकरणे ज्यांच्या स्मरणात आहेत, त्यांना 'एकाच संस्थेत' या शब्दांचे मूळ लगेच कळेल. मात्र या अटी पूर्ण करणारी संस्था कोणती हे शोधण्याचे काम आजही पालकांकडेच आहे.

२०१९ च्या कायद्यात भारतीय आणि परदेशी पदवीधरांसाठी नेक्स्ट ही एकच परीक्षा योजलेली आहे. तिची अंमलबजावणी २०२३ मध्ये पुढे ढकलण्यात आली. 'आमचीच परीक्षा का?' हा परदेशी पदवीधरांचा जुना आक्षेप तिने मिटेल. सर्पदंश आणि लसीकरणाच्या तक्त्यातील अंतर मात्र तिने मिटणार नाही, कारण ते प्रश्नपत्रिकेत नसून दोन देशांच्या रुग्णालयांत आहे.

समारोप

१९५६ च्या व्यवस्थेत राज्यसंस्था म्हणत असे, 'ही संस्था आम्ही तपासली आहे.' २००२ नंतर ती म्हणते, 'तुम्ही परत या, मग तुम्हाला तपासू.' या बदलाने रुग्णाचे संरक्षण निश्चित वाढले, कारण कागदावरील मान्यतेपेक्षा प्रत्यक्ष परीक्षा अधिक विश्वासार्ह असते. परंतु तपासणी शेवटी गेल्यामुळे तिची किंमत चुकवण्याची वेळही शेवटी आली. सहा वर्षे आणि कुटुंबाची बचत खर्च झाल्यावर निकाल कळतो.

यातून महाविद्यालयीन अध्यापकांपुरती एक व्यावहारिक गोष्ट निष्पन्न होते. परदेशी जाणारा विद्यार्थी सल्ल्यासाठी येतो तेव्हा तो विद्यापीठाचे शुल्क आणि हवामान विचारतो. त्याला दोन गोष्टी विचारावयास सांगाव्यात. त्या संस्थेचा कालावधी, माध्यम आणि आंतरवासिता २०२१ च्या विनियमांत बसतात काय, हे लेखी मिळेल काय? आणि सहा वर्षांच्या काळात भारतातील पीएसएम, न्यायवैद्यक व उष्ण प्रदेशातील रोग यांचा अभ्यास तो केव्हा करणार आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पूर्वी यादी देत असे. दुसरा प्रश्न यादीच्या काळात कोणी विचारीत नव्हते. आज तो परतल्यानंतरच्या वीस आठवड्यांत विचारला जातो. तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुटीत, गावी आलेल्या विद्यार्थ्याने जवळच्या ग्रामीण रुग्णालयात परवानगीने निरीक्षक म्हणून काही आठवडे घालवले आणि तेथील लसीकरणाचा तक्ता व सर्पदंशाचे उपचार डोळ्यांनी पाहिले, तर त्या वीस आठवड्यांवरील ओझे पुष्कळ हलके होईल.